एसएसडीवरून पुसलेली फाईल परत का मिळत नाही?



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या शिवणकाम करतात. मुलगी महाविद्यालयात शिकते आणि तिच्यासाठी वर्षभरापूर्वी हप्त्यावर लॅपटॉप घेतला. लॅपटॉपची जागा भरली म्हणून मुलीने एक फोल्डर पुसला आणि रिसायकल बिनही रिकामे केले. त्या फोल्डरात ३१२ फोटो होते. दिवंगत आईच्या शेवटच्या दोन वर्षांतले आणि नातवाच्या बारशाचे. भगिनी लिहितात, "तीन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरून असेच फोटो गेले होते. तेव्हा दुकानदाराने पाचशे रुपयांत सगळे परत काढून दिले. आता दुसरा दुकानदार आठ हजार मागतो आहे. त्याने आम्हाला सर्व ३१२ फोटोंची नावे पडद्यावर दाखवली. पैसे द्यावेत का?"

आमचे उत्तर होते, पैसे देऊ नका. आधी एक तरी फोटो उघडून दाखवायला सांगा. असे उत्तर का दिले, ते समजून घेतले तर असा प्रसंग कोणावर आला असता आठ हजार वाचतील आणि जे वाचवता येईल ते वाचेल.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्या आत चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावर चुंबकाच्या साहाय्याने माहिती लिहिली जाते. अशा डिस्कची एखाद्या चाळीशी तुलना करा. खोल्यांत सामान आहे आणि खाली दरवाजाजवळ एक फळा आहे. कोणाचे सामान कोणत्या खोलीत ते त्या फळ्यावर लिहिलेले असते. विंडोजच्या डिस्कवरही असा फळा असतो, त्याला मास्टर फाईल टेबल म्हणतात. तुम्ही फाईल पुसता तेव्हा विंडोज त्या नोंदीवर "ही नोंद आता वापरात नाही" अशी खूण करते आणि त्या खोल्या मोकळ्या झाल्या असे दुसऱ्या एका तक्त्यात लिहून ठेवते. खोलीतल्या सामानाला कोणी हातही लावत नाही. नवा भाडेकरू येईपर्यंत, म्हणजे त्याच जागी नवी फाईल लिहिली जाईपर्यंत, जुने सामान तिथेच पडून राहते.

तीन वर्षांपूर्वी त्या दुकानदाराने जादू केली नव्हती. त्याच्या सॉफ्टवेअरने फळ्यावरची पुसट नोंद वाचली, खोली क्रमांक काढला आणि सामान उचलून आणले. फळाच खराब झाला असेल तर दुसरा मार्ग असतो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात `FF D8 FF` या ठरावीक खुणेने होते. सॉफ्टवेअर संपूर्ण डिस्क खोलीखोलीने तपासते आणि ही खूण दिसेल तिथून फोटो उचलते. पुसल्यानंतर कॉम्प्युटर फारसा वापरला नसेल, तर हार्ड डिस्कवरून बहुतेक फाईली परत मिळतात.

आता नव्या लॅपटॉपकडे येऊ. त्यात एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नसते. माहिती चिपमध्ये विजेच्या भाराच्या रूपाने साठवली जाते. या चिपला एक मोठी अडचण आहे. लिहिताना ती लहान लहान पानांत लिहिते. एक पान काही किलोबाइटचे असते. पण लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी ते कोरे करावे लागते. आणि कोरे करायचे तर एकटे पान होत नाही, शेकडो पानांचा संपूर्ण गठ्ठा एकदम कोरा करावा लागतो. चाळीच्या भाषेत सांगायचे तर, एक खोली धुता येत नाही, पूर्ण मजलाच धुवावा लागतो. त्या मजल्यावर काही भाडेकरू राहत असतील तर त्यांचे सामान आधी दुसऱ्या मजल्यावर हलवायचे, मग मजला धुवायचा.

हे काम एसएसडीच्या आतला एक छोटा संगणक करतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. कॉम्प्युटर मोकळा बसलेला असताना कंट्रोलर मजले धुऊन ठेवतो, म्हणजे पुढचे लिहिणे झटपट होते. पण त्याला कसे कळणार की कोणत्या खोलीतले सामान कामाचे आहे आणि कोणते टाकाऊ? फळा विंडोजचा आहे. कंट्रोलरला तो वाचता येतोच असे नाही. फाईल पुसली हे विंडोजला ठाऊक, कंट्रोलरला नाही. त्यामुळे बिचारा पुसलेल्या फाईलींचे सामानही एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर वाहत राहतो. त्याने एसएसडी मंद होते आणि तिचे आयुष्यही कमी होते, कारण चिपचा प्रत्येक गठ्ठा ठरावीक वेळाच कोरा करता येतो.

यावर उपाय म्हणून ट्रिम नावाचा निरोप आला. फाईल पुसताच विंडोज एसएसडीला कळवते, "अमुक ते तमुक क्रमांकाच्या खोल्यांतले सामान आता नको." विंडोजमध्ये ही सोय २००९ सालच्या विंडोज ७ पासून आली. आज बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक एसएसडी लॅपटॉपवर ती आपोआप चालू असते.

निरोप मिळताच दोन गोष्टी घडतात. पहिली ताबडतोब घडते. कंट्रोलर त्या खोल्यांची नोंद आपल्या वहीतून काढून टाकतो. त्यानंतर कोणीही त्या क्रमांकाची खोली मागितली की बहुतेक एसएसडी नुसती शून्ये काढून देतात. चिपवर सामान अजून असले तरी कंट्रोलर ते दाखवत नाही, आणि बाहेरच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला कंट्रोलरला वळसा घालून आत जाता येत नाही. दुसरी गोष्ट थोड्या वेळाने घडते. कंट्रोलर सवड मिळताच तो मजला खरोखर धुतो, आणि मग सामानही उरत नाही.

हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतला फरक नेमका इथे आहे. हार्ड डिस्कवर पुसलेली फाईल नवी फाईल त्याच जागी येईपर्यंत टिकते. एसएसडीवर नवे काही न लिहिताही ती जाते. "पुसल्यावर कॉम्प्युटरला हात लावला नाही, म्हणजे फोटो सुरक्षित असतील" हा हार्ड डिस्कच्या काळातला हिशेब इथे चालत नाही.

आता त्या भगिनीच्या पत्रातील कोडे सोडवू. फोटो गेले, तर ३१२ नावे पडद्यावर कशी दिसली? उत्तर फळ्यात आहे. पुसलेल्या फाईलींची नावे, तारखा आणि आकार मास्टर फाईल टेबलात असतात, आणि ते टेबल स्वतः पुसलेले नसते, ते वापरात असते. ट्रिमचा निरोप फोटोंच्या खोल्यांसाठी गेला, फळ्यासाठी गेला नाही. म्हणून सॉफ्टवेअर फळा वाचून झकास यादी दाखवते. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार ३.८ एमबी, तोही बरोबर. फोटो मात्र उघडत नाही, कारण खोलीत शून्यांखेरीज काही नाही.

भगिनीने आमच्या सांगण्यावरून दुकानदाराला एक फोटो उघडायला सांगितले. त्याने तीन-चार उघडून पाहिले, पडदा कोराच राहिला. मग त्यांच्या भाच्याने, जो कॉम्प्युटरचे शिक्षण घेतो, त्यांपैकी एक फाईल हेक्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पहिल्या ओळीत `FF D8 FF` असायला हवे होते. तिथून शेवटपर्यंत `00 00 00` एवढेच होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. फाईल बिघडली असती तर दुरुस्तीचा विचार करता आला असता. इथे दुरुस्त करायला काही नव्हतेच. दुकानदार लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. हार्ड डिस्कवर नावे दिसली की फोटोही मिळतात, हा त्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव. पण नावांच्या यादीवर पैसे देऊ नयेत, एवढे लक्षात ठेवा. कामाआधी काही फाईली पूर्ण उघडून दाखवा म्हणावे, आणि फाईल न मिळाल्यास पैसे नाहीत हे आधी ठरवून घ्यावे.

आपल्या यंत्रात काय आहे हे घरीच पाहता येते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या नावाखाली पाहा, तिथे SSD किंवा HDD लिहिलेले असते. ट्रिम चालू आहे का हे पाहायचे तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ टाईप करा:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तरात NTFS च्या पुढे 0 आले तर ट्रिम चालू आहे, 1 आले तर बंद आहे. आकडा उलटा वाटतो, कारण प्रश्न "बंद केले आहे का" असा आहे. फाईल पुसल्यानंतर ट्रिम बंद करून उपयोग नाही, निरोप तेव्हाच गेलेला असतो. आणि आधीपासून बंद ठेवण्याचाही सल्ला आम्ही देणार नाही. एसएसडी मंद होईल आणि लवकर झिजेल. शिवाय एखादा निरोप चुकून पोहोचला नाही, तरी विंडोज साधारणपणे आठवड्यातून एकदा सर्व मोकळ्या जागेचा ट्रिम पुन्हा पाठवते.

काही वाचक विचारतील, मोठ्या प्रयोगशाळेत तरी मिळेल का? काही मॉडेलच्या एसएसडींना तज्ज्ञ लोक कारखान्याच्या खास स्थितीत नेऊन कंट्रोलरची जुनी वही वाचू शकतात. पण त्यासाठी पुसल्यानंतर लगेच वीज तोडलेली असावी लागते, मजला धुतला गेलेला नसावा लागतो, आणि खर्च मोठा असतो. नुसती चिप काढून वाचली तरी फारसे हाती लागत नाही, कारण माहिती पानापानांत विखुरलेली असते आणि अनेक एसएसडी ती सांकेतिक रूपात साठवतात.

एसएसडी स्वतःहून साफसफाई करते हे केवळ आपल्याच नव्हे, तर पोलिसी तपास करणाऱ्यांच्याही अडचणीचे आहे. ऑस्ट्रेलियातील मरडॉक विद्यापीठाच्या ग्रेअम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक हार्ड डिस्क आणि ६४ जीबीची एक एसएसडी घेतली, दोन्हींवर माहिती भरली आणि झटपट फॉर्मॅट केले. हार्ड डिस्कवरची माहिती टिकून राहिली. एसएसडीवरची जवळजवळ सारी माहिती काही मिनिटांतच नाहीशी झाली. विशेष म्हणजे तिथे ट्रिम न जाणणारी जुनी विंडोज एक्सपी वापरली होती. त्या एसएसडीच्या कंट्रोलरने स्वतःच फळा वाचून मोकळी जागा ओळखली आणि सफाई केली. वीज चालू असणे एवढेच त्याला पुरेसे होते.

मग सगळे संपले का? तसेही नाही. ट्रिमचा निरोप प्रत्येक ठिकाणी पोहोचत नाही, आणि तिथे आशा असते. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या एसएसडीत मधली चिप हा निरोप पुढे देते किंवा देत नाही, ते तिच्या बनावटीवर असते. साध्या पेनड्राईव्हवर आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवर विंडोज सहसा ट्रिम पाठवत नाही, म्हणून त्यांच्यावरून पुसलेले फोटो पुष्कळदा मिळतात. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू आहे, त्यांच्याकडे ट्रिम बहुधा आठवड्यातून एकदाच जातो. पुसणे आणि ट्रिम यांच्यामध्ये काही दिवसांची फट राहू शकते; ती साधायची तर लॅपटॉप लगेच बंद करायला हवा. उलट बाजूही सांगतो. अलीकडच्या काही फिरत्या हार्ड डिस्कसुद्धा ट्रिम मानतात, त्यामुळे "हार्ड डिस्क आहे म्हणजे मिळणारच" असेही गृहीत धरू नये.

त्या भगिनीच्या घरी पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. लॅपटॉपवरून मूळ फोटो एकही मिळाला नाही. पण बारशाचे फोटो एका नातेवाईकाच्या कॅमेऱ्यावर काढलेले होते. त्यांनी कार्ड नंतर कॅमेऱ्यातच फॉर्मॅट केले होते आणि त्यावर थोडे नवे फोटो काढले होते. बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फॉर्मॅटने फक्त फळा कोरा होतो, खोल्या तशाच राहतात. भाच्याने ते कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावले आणि फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर चालवले. मिळालेले फोटो त्याने कार्डवर न ठेवता कॉम्प्युटरवर ठेवले. हे फार महत्त्वाचे, नाहीतर सापडलेल्या फोटोंनीच उरलेले झाकले जातात. बारशाच्या १२७ फोटोंपैकी ९६ उघडले. जे नव्या फोटोंखाली गेले ते गेले.

आईचे फोटो मोबाईलवर काढून लॅपटॉपवर टाकलेले होते आणि मोबाईल बदलला होता. त्यांतले ४१ फोटो बहिणींना व्हॉट्सॲपवर पाठवलेले निघाले. आकार लहान झालेला, पण चेहरा स्पष्ट. शेवटी आणखी एका जागी शोधले. विंडोज फोटोंचे छोटे नमुने एका वेगळ्या साठ्यात ठेवते, म्हणजे फोल्डर उघडताच चित्रे दिसावीत. ते साठे लॅपटॉपवर इथे असतात:

```
%LocalAppData%\Microsoft\Windows\Explorer
```

तिथे `thumbcache_256.db` अशा नावांच्या फाईली असतात. मूळ फोटो पुसला तरी त्याचा नमुना या फाईलीत राहतो, कारण ही फाईल पुसलेली नसते आणि तिच्यासाठी ट्रिम जात नाही. थंबकॅश व्ह्यूअर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने ते नमुने बाहेर काढता येतात. आईचे आणखी साठएक फोटो असे हाती आले. ते टपालाच्या तिकिटाहून थोडे मोठे छापता येतील, एवढेच. भगिनी लिहितात, त्यांतल्या एकात आई मशीनवर बसून गळ्यात टेप अडकवून हसते आहे, आणि तोच फोटो त्यांना सर्वांत हवा होता. म्हणून असा प्रसंग आल्यावर डिस्क क्लीनअप चालवू नका. ते हे नमुनेही साफ करू शकते.

आता प्रसंग आला तर काय करायचे, ते क्रमाने सांगतो. आधी रिसायकल बिन पाहा. फाईल तिथे असेल तर ती खरोखर पुसलेलीच नाही, नुसती दुसऱ्या फोल्डरात गेली आहे. उजवे बटण दाबून परत आणा. बिन रिकामे असेल तर यंत्र लगेच बंद करा, आणि त्याच यंत्रावर फाईल शोधण्याचे सॉफ्टवेअर उतरवू नका. मग दुसऱ्या मोबाईलवरून किंवा कॉम्प्युटरवरून इतर प्रती शोधा. वनड्राईव्ह चालू होते का ते पाहा; त्याचे स्वतःचे वेगळे रिसायकल बिन असते आणि घरगुती खात्यात त्यात फाईल ३० दिवस राहते. नातेवाईकांचे व्हॉट्सॲप, जुना मोबाईल, कॅमेऱ्याचे कार्ड, ज्याने फोटो छापून दिले त्याचा कॉम्प्युटर, सगळीकडे विचारा. एवढे झाल्यावर एसएसडी जाणकाराला दाखवा आणि एक फाईल उघडून मागा. शून्ये दिसली तर तिथे थांबा.

आणि प्रसंग येण्याआधी करायचे ते एकच. शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून पुसण्याची सवय मुलांना लावू नका, त्याने फाईल बिनमध्ये न जाता थेट जाते आणि ट्रिम लगेच निघतो. जागा हवी असेल तर बिन रिकामे करण्याआधी त्यातली यादी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा. फोटो, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती लॅपटॉपपासून दूर, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवा. त्यासाठी बाहेरून लावायची साधी फिरती हार्ड डिस्क चालते. त्या भगिनीने आठ हजार न देता तशी एक डिस्क घेतली. ती आता त्यांच्या बहिणीच्या कपाटात आहे.